छोले तसेच राहतात, मग पिठलं का बिघडतं?

हरभरा एकच. त्याचे छोले करून फ्रीझरमध्ये ठेवले आणि महिन्याभराने काढून नीट उकळले, तर ते आजचे नाहीत हे पाहुण्याला कळतही नाही. त्याच जातकुळीच्या डाळीच्या पिठाचं पिठलं ठेवून पाहा. वितळलं की खाली चिरा पडलेला लगदा आणि वर पिवळसर पाणी. नारळाचंही तसंच आहे. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा फ्रीझरमधून जसाच्या तसा बाहेर येतो, आणि नारळाचं दूध घातलेला रस्सा गरम करताना फुटतो.

म्हणून ‘काय काय फ्रीझ करता येतं’ अशा ज्या याद्या घरोघरी फिरतात, त्यांचा मला फारसा उपयोग वाटत नाही. त्यांत ‘नारळ चालतो’ किंवा ‘डाळी चालतात’ एवढंच असतं. कालवण गोठवणं सोसेल की नाही, हे त्यातला जिन्नस कुठला यापेक्षा तो कुठल्या रूपात आहे यावर ठरतं. तो अख्खा आहे, वाटलेला आहे, पीठ करून लावलेला आहे की त्याचं दूध काढलेलं आहे, हे पाहिलं की अर्ध्याहून अधिक उत्तर मिळतं.

आधी पातेल्यातलं पाणी फ्रीझरमध्ये काय करतं ते पाहू. रस्सा कितीही दाट असला तरी त्यात सगळ्यात जास्त असतं ते पाणीच. मीठ, आंबटपणा आणि इतर विरघळलेल्या गोष्टींमुळे ते शून्य अंशाच्या थोडं खाली गोठायला लागतं. उणे १ ते उणे ५ अंश या टप्प्यात त्यातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. बर्फाचा स्फटिक तयार होताना त्यात पाण्याशिवाय दुसऱ्या कशाला जागा नसते. मीठ, चिंच, पीठ, तेल, प्रथिनं हे सगळं बाजूला ढकललं जातं. स्फटिकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उरलेला रस त्यामुळे अधिकाधिक खारट, आंबट आणि दाट होत जातो, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट शेजारच्या गोष्टीवर दाबली जाते.

वितळताना बर्फाचं पुन्हा पाणी होतं. ते पाणी ज्याने आधी धरून ठेवलं होतं, त्याला ते परत धरता आलं तर रस्सा पूर्ववत होतो. नाही आलं तर रस्सा पाणचट होतो किंवा रवाळ होतो.

गोठण्याला किती वेळ लागतो हेही महत्त्वाचं. हळूहळू गोठलं की स्फटिक थोडे पण मोठे होतात, झटपट गोठलं तर पुष्कळ पण बारीक. कारखान्यात उणे ३० ते ४० अंशांची हवा जोरात सोडून अन्न गोठवतात. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांचा, त्यात हवा संथ आणि डबा खोल. त्यामुळे घरी मोठे स्फटिक होणारच. ते जरा लहान ठेवणं मात्र आपल्या हातात असतं. जुन्या एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तर उणे १८ गाठणंही कठीण असतं. आइस्क्रीम तिथे दगडासारखं घट्ट राहत नसेल, तर तो कप्पा कालवणं आठवडाभराहून जास्त ठेवायच्या कामाचा नाही असं समजावं.

आता पिठल्याकडे वळू. शिजवताना पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांतले लांबलचक धागे बाहेर येऊन पाण्याला अडवून धरतात. पिठलं दाट होतं ते यामुळे. थंड झाल्यावर हे धागे पुन्हा एकमेकांच्या जवळ यायला बघतात. गोठताना पाणी बर्फात गेलं की त्यांच्या मध्ये अडथळा राहत नाही, ते घट्ट बिलगतात आणि मधलं पाणी कायमचं बाहेर पडतं.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे धागे असतात. एक सरळ, त्याचं नाव अमायलोज. दुसरा झाडासारखा फांद्या फुटलेला, तो अमायलोपेक्टिन. फांद्या असलेले धागे नीट चिकटू शकत नाहीत आणि चिकटले तरी गरम केल्यावर सुटतात. सरळ धागे मात्र एकदा जुळले की उकळत्या पाण्याच्या तापमानालाही सुटत नाहीत. कडधान्यांच्या स्टार्चमध्ये हे सरळ धागे तांदूळ-गव्हापेक्षा जास्त असतात. पिठलं गार झाल्यावर वडीसारखं थापता येतं ते याच गुणामुळे, आणि फ्रीझरमध्ये ते बिघडतं तेही याच गुणामुळे.

मग छोल्यांतही तोच स्टार्च असताना ते कसे टिकतात? दाणा अख्खा शिजतो तेव्हा स्टार्च त्याच्या पेशींच्या आत, भिंतींमागे बंद असताना फुगतो. कडधान्यांच्या पेशींच्या भिंती चिवट असतात. शिजल्यावर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, दाणा बोटाने चिरडला जातो, तरी बहुतेक पेशी फुटत नाहीत. सरळ धागे आतच राहतात आणि रश्श्याचं पाणी त्यांच्या भरवशावर नसतं. कच्ची डाळ चक्कीत घातली की या भिंतीच फुटतात. म्हणून छोले, राजमा, मटकीची उसळ, मुगाची आमटी, साधं वरण हे सगळे फ्रीझरसाठी उत्तम. वितळल्यावर आमटी जरा घट्ट झालेली वाटते आणि वर थोडं पाणी दिसतं, पण वाटीभर आधण घालून ढवळत उकळली की एकजीव होते.

ज्या भाज्यांना आपण डाळीचं पीठ लावतो, म्हणजे ताकातला पालक किंवा अळूचं फदफदं, त्या पीठ न लावता गोठवाव्यात आणि गरम करताना पीठ लावावं. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावलेल्या ग्रेव्हीचीही तीच तऱ्हा. हा प्रश्न तयार गोठवलेल्या जेवणाच्या कारखानदारांना फार छळत होता. कॅलिफोर्नियात आल्बनी इथल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत हेलन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळी पिठं लावून सॉस आणि ग्रेव्ह्या गोठवून पाहिल्या. सगळ्यांत टिकाऊ निघालं चिकट तांदळाचं पीठ, कारण त्यात सरळ धागे जवळपास नसतातच. आपल्याकडे आसाममधला बोरा चाउल हा असा चिकट तांदूळ. मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत तो किंवा त्याचं पीठ मिळतं. एखाद्या ग्रेव्हीला पीठ लावूनच गोठवायचं असेल तर ते वापरून पाहण्यासारखं आहे. घरातल्या मोदकाच्या पिठीने हे काम होत नाही, कारण तिच्यात सरळ धागे भरपूर.

बटाटा हा मधला प्रकार. त्यातही पेशी असतात, पण त्यात पाणीच चार-पंचमांश, आणि भिंती नाजूक. फोडी वितळल्यावर स्पंजासारख्या होतात, चावल्या की पाणी निघतं आणि मागे पिठूळ चोथा राहतो. मटणाच्या रश्श्यातले बटाटे म्हणूनच आधी काढून खाऊन टाकावेत.

आता दूध आणि दही. यांत पाणी धरणारं असतं ते प्रथिनांचं जाळं. दही लागतं तेव्हा दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरून एक मऊ जाळं विणतात आणि पाणी त्यात अडकतं. कढीत हे जाळं घुसळून बारीक केलेलं असतं. कढी उकळताना फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो. त्याचा स्टार्च प्रथिनांच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. फ्रीझरमध्ये हे दोन्ही बंदोबस्त एकदम ढासळतात. उरलेला रस आंबट आणि खारट होत गेल्याने प्रथिनं आक्रसून गुठळ्या धरतात, आणि त्यांना वेगळं ठेवणारं बेसन स्वतःच पाणी सोडून बसतं. वितळलेल्या कढीत तळाला रव्यासारखे कण आणि वर ताकाची निवळी दिसते. मिक्सरमधून फिरवून, थोडं ताजं बेसन लावून, मंद आचेवर सतत ढवळत ती बरीच सावरता येते, पण जिभेला कणी लागते ती लागतेच. कढी करायला वीस मिनिटं पुरतात. ती गोठवण्याचा खटाटोप मी तरी करणार नाही.

पण दही घातलेली सगळीच कालवणं वाईट ठरत नाहीत. चिकनला दोन चमचे दही लावून ते कांद्या-टोमॅटोबरोबर तेल सुटेपर्यंत परतलं असेल, तर त्यातलं प्रथिन आधीच आक्रसून मसाल्यात मिसळून गेलेलं असतं. बिघडायला तिथे काही उरलेलं नसतं. पनीरच्या बाबतीत आक्रसलेलं जाळंच चावायचं असतं. गोठल्यावर त्यात बर्फाने पोकळ्या पडतात, म्हणून ते भुसभुशीत किंवा रबरी लागतं. कडक गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यावर पुष्कळ सुधारतं. माखनी ग्रेव्ही क्रीमशिवाय गोठवावी, पनीर आणि क्रीम वाढायच्या दिवशी घालावं. दाटपणासाठी काजू वाटून घातले असतील तर ते मात्र राहू द्यावेत. वितळल्यावर जरा दाणेदार दिसले तरी उकळून घोटले की पुन्हा मऊ होतात. उकडलेलं अंडं कधीच गोठवू नये. पांढरं चिवट होतं आणि पाणी सोडतं. अंडा करी करायची असेल तर फक्त रस्सा ठेवावा.

सगळ्यांत फसवणारा प्रकार नारळाच्या दुधाचा, कारण ते गोठवण्याआधी अगदी गुळगुळीत असतं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. प्रत्येक थेंबाभोवती नारळाच्याच प्रथिनांचं पातळ आवरण असतं आणि ते फार दुबळं असतं. नुसतं जोरात उकळलं तरी दूध फुटतं, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. गोठताना दोन गोष्टी होतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून थेंबांचे कडक, टोकदार गोळे होतात. शिवाय वाढणारा बर्फ त्यांना एकमेकांवर रेटतो. आवरणं फाटतात, थेंब एकमेकांत शिरतात. रस्सा गरम केला की वर तेलाचा तवंग, खाली पांढरट पाणी आणि मध्ये तरंगणारे प्रथिनांचे तुकडे असं चित्र दिसतं. सोलकढीचं तर विचारूच नका. तिच्यात आमसुलाचा आंबटपणाही असतो आणि उकळून सावरण्याची सोयही नाही.

वाटणात तेल वेगळ्या ठिकाणी असतं. खोबरं भाजून वाटलं की बरंचसं तेल खोबऱ्याच्या चोथ्यात, तंतूंच्या कणांमध्ये राहतं. हे कण पाणीही शोषतात. भाजलेल्या कांद्याचा गर त्यांच्या मदतीला असतो. पाणी धरायला इथे तंतू आहेत, आणि तंतूंना गोठण्या-वितळण्याने फारसं काही होत नाही. दाण्याचं कूट, तीळ, खसखस यांच्या ग्रेव्ह्या टिकतात त्याचंही कारण हेच. वर तेलाचा तवंग येतो, पण तो आपल्याला हवाच असतो.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. किलोभर कोंबडीचा मालवणी रस्सा करायचा आहे, अर्धा आज खायचा आणि अर्धा ठेवायचा. एक नारळ खवून त्याचे दोन भाग करा. एक भाग तीन-चार कांद्यांबरोबर चांगला तांबूस भाजून बारीक वाटा. दुसऱ्या भागातला निम्मा खव आजच्या दुधासाठी घ्या आणि निम्मा तसाच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. दूध गोठवण्यापेक्षा खव गोठवणं शहाणपणाचं. खवातलं तेल अजून खोबऱ्याच्या पेशींत असतं, आणि नंतर कोमट पाणी घालून त्याचं दूध व्यवस्थित निघतं.

आलं-लसणावर कोंबडी परतून, मालवणी मसाला आणि वाटण घालून रस्सा शिजवा. दूध घालण्याच्या आधी निम्मा रस्सा बाजूला काढा. तो नेहमीपेक्षा जरा दाटच ठेवा आणि कोंबडी एक शिट्टी कमी म्हणावी इतकीच शिजलेली असू द्या, कारण पुढे ती पुन्हा उकळायची आहे. काढलेला रस्सा पसरट भांड्यात ओता, भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, अधूनमधून ढवळा. वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये पोचायला हवा, कारण कोमट अवस्थेत जिवाणू भराभर वाढतात आणि फ्रीझर त्यांना मारत नाही, नुसतं थांबवतो. गरम पातेलं थेट फ्रीझरमध्ये ठेवण्याचा आळस करू नये. शेजारच्या पिशव्या अर्ध्या वितळतात आणि पुन्हा गोठताना त्यांतले स्फटिक आणखी मोठे होतात.

पूर्ण गार झाला की जाड झिपच्या पिशव्यांत अर्धा-अर्धा लिटर भरा. कोंबडीचे तुकडे रश्श्यात बुडालेले असावेत. उघड्या मांसातली चरबी हवेने बिघडते आणि त्याला तो ओळखीचा शिळकट वास येतो. पिशवीतली हवा दाबून काढा, ताटात आडवी ठेवा आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चपटी लादी होऊ द्या. जाडी दुप्पट झाली की गोठायला दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो. स्फटिक लहान ठेवायचा घरगुती उपाय म्हणजे ही चपटी लादी, दुसरा नाही. डबाच वापरायचा असेल तर वर दोन बोटं जागा सोडा, कारण पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. तारीख लिहा. दोन-तीन महिने चव चांगली राहते. त्यानंतर रस्सा विषारी होत नाही, बेचव होतो.

खायच्या आदल्या रात्री लादी फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. घाई असेल तर पिशवी थंड पाण्यात बुडवा. ओट्यावर दिवसभर उघडी ठेवू नका. रस्सा पातेल्यात घालून खळखळून उकळी येऊ द्या आणि दोन-तीन मिनिटं उकळत ठेवा. मग आच मंद करून गोठवलेल्या खवाचं दूध घाला आणि पुन्हा उकळी फुटायच्या आत बंद करा. कोथिंबीर, आमसूल आणि शेवटचं मीठ यांची वेळ ही.

मसाल्यांबद्दल एक गंमत. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्नसंरक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे. गोठवल्यावर बिघडणाऱ्या पदार्थांच्या त्यांच्या यादीत करीला कुबट वास येतो अशी नोंद आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर बरणीतली करी पावडर असावी. भाजून वाटलेल्या मसाल्याच्या रश्श्याला मला तरी तसा वास आलेला नाही. पण लवंग, मिरी आणि लसूण गोठवल्यावर उग्र आणि कडवट होतात असंही तिथे म्हटलं आहे, आणि ते जिभेला पटतं. गोठवायच्या रश्श्यात लवंग जपून घालावी आणि गरम मसाला शेवटी घालण्यासाठी राखून ठेवावा.

तरीही एखादं कालवण बिघडून बाहेर आलंच, तर काय बिनसलंय ते उकळी येईपर्यंत कळतं. वर नुसतं पाणी होतं आणि उकळून घोटल्यावर ते मिसळलं, तर विशेष काही झालेलं नाही. उकळूनही पाणी वेगळंच राहिलं आणि खालचा भाग गुठळ्यांचा असेल, तर पिठाचा स्टार्च जुळून बसला आहे. मिक्सरमधून काढा आणि चमचाभर ताजं पीठ पाण्यात कालवून लावा. दाताखाली बारीक कणी येते आणि बोटाने दाबली तरी मोडत नाही, तर ते दही किंवा क्रीमचं प्रथिन आहे. ते परत मऊ होणार नाही, गाळून घ्या किंवा तसंच खा. पिवळट तेल वर आणि पांढरट पाणी खाली, तर नारळाचं दूध फुटलं आहे. रस्सा कोमट असताना, म्हणजे खोबरेल पातळ असताना, तुकडे काढून तो मिक्सरमध्ये फिरवावा. चमचाभर वाटलेले काजू घातले तर तो वाढेपर्यंत तरी एकजीव राहतो. यातलं काहीही झालं तरी तो रस्सा खायला सुरक्षित असतो. बिघडलेलं असतं ते रूप.

वीज जाते तिथे गोष्ट वेगळी. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला २४ तास. वीज आल्यावर पिशवी हातात घेऊन चाचपा. आत बर्फाचे खडे लागत असतील तर ती पुन्हा गोठवायला हरकत नाही, मात्र छोले आणि वाटणाचा रस्सा यांनाच ती दुसरी फेरी बऱ्यापैकी झेपते. बाकीचं त्याच दिवशी उकळून संपवावं. पूर्ण वितळून कोमट झालेली पिशवी, आत काहीही असो, टाकून द्यावी.